३१८ पाठवले, ३०१ पोचले

फोटोंचा गठ्ठा अर्धामुर्धा पोचला की पहिला हिशोब वजाबाकीचा होतो. ३१८ पाठवले, ३०१ आले, म्हणजे १७ राहिले. समोरच्याला निरोप जातो, "१७ फोटो आलेले नाहीत, पुन्हा पाठवता का?" समोरचा विचारतो, "कोणते?" खरं काम इथून सुरू होतं. या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की बहुतेक वेळा ते १७सुद्धा खरे नव्हते असं निघतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. या कामात जे घोटाळे होतात त्यातले बहुतेक सगळे त्यात आहेत. एका कार्यक्रमाचे फोटो दोन कॅमेऱ्यांनी काढले. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, पण मॉडेलं वेगळी. त्यामुळे दोघांच्याही फाइलींची नावं `IMG_` ने सुरू होतात. पाठवणाऱ्याने त्यांचे दोन उपफोल्डर केले, `cam1` आणि `cam2`. पहिल्यात २८६ फोटो, दुसऱ्यात ३२, एकूण ३१८. फोल्डर क्लाउडवर चढवला आणि दुवा पाठवला. घेणाऱ्याने तो झिपच्या रूपात उतरवून घेतला, झिप उघडली आणि पाहायला सोपं जावं म्हणून दोन्ही उपफोल्डरांतलं सगळं एकाच फोल्डरात ओढलं. ओढताना संगणकाने काहीतरी विचारलं, त्याला "सगळ्यांसाठी हो" म्हटलं. आता फोल्डरच्या तळाशी आकडा दिसतो ३०१.

आधी हा आकडा नीट पाहायचा. फोल्डरच्या तळाशी दिसते ती फाइलींची संख्या, आणि प्रत्येक फाइल म्हणजे फोटो नव्हे. मॅकवरून बाहेरच्या ड्राइव्हवर फोटो कॉपी केले की काही फोटोंसोबत त्याच नावाची, पण सुरुवातीला `._` असलेली एक बारीक फाइल तयार होते. `IMG_0031.JPG` सोबत `._IMG_0031.JPG`. आकार चार-पाच केबी, शेपूट `.JPG`, पण आत चित्र नाही. मॅकवर ती लपलेली असते, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या ३१८मध्ये ती धरलेलीच नाही. विंडोजवर मात्र ती इतर फाइलींच्या रांगेत दिसते आणि मोजलीही जाते. आपल्या फोल्डरात अशा ५ आहेत. म्हणजे खरे फोटो २९६, आणि राहिलेले १७ नव्हे, २२.

पुढचा विचार साहजिकच अनुक्रमांकांचा. कॅमेरा फाइलींना ओळीने नंबर देतो, मग मधला नंबर गायब असेल तर तो फोटो गायब, असं वाटतं. हा तर्क जितका सरळ दिसतो तितकाच फसवा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

कॅमेऱ्याच्या फाइलनावांचा एक ठरलेला साचा असतो: चार अक्षरं आणि पुढे चार आकडे, `0001` ते `9999`. `9999` झालं की पुन्हा `0001`. आपल्या `cam1` मधले फोटो `IMG_9871` पासून `IMG_9999` पर्यंत जातात, आणि तिथून `IMG_0001` ते `IMG_0212`. नावाने लावल्यावर कार्यक्रमाची सुरुवात यादीच्या तळाशी जाते आणि मधोमध हजारो नंबरांचं भगदाड दिसतं. ते भगदाड खोटं. नंबर फिरला आहे, एवढंच. या पट्ट्यात १२९ आणि २१२ मिळून ३४१ नंबर बसतात. त्यातले २८६च पाठवले गेले, कारण ५५ फोटो फोटोग्राफरने स्वतः काढून टाकले: डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे चार घेऊन तीन टाकलेले.

आता घेणाऱ्याच्या फोल्डरात ३४१च्या त्या पट्ट्यात किती नंबर गाळलेले दिसतात ते मोजू. २९६ फोटो आहेत, म्हणजे रिकाम्या जागा ४५. इतक्या रिकाम्या जागा पाहून कुणीही त्या ४५ नंबरांची यादी करून पाठवेल. पण त्या ४५ जागांवरचा एकही फोटो पाठवलेलाच नव्हता. आणि जे २२ खरोखर गहाळ आहेत, त्यांतल्या एकाच्याही नंबराची जागा या पट्ट्यात रिकामी दिसत नाही.

हे कसं होतं? `cam2` चे ३२ फोटो आहेत `IMG_0188` ते `IMG_0219`, एकही न गाळता. `cam1` चे शेवटचे फोटोही `0188` ते `0212` याच नंबरांत येतात. दोन्ही एका फोल्डरात ओढले तेव्हा संगणकाने विचारलं होतं की या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? उत्तर "हो" गेलं, आणि `cam1` चे १४ फोटो `cam2` च्या सारख्या नावाच्या फोटोंनी पुसून टाकले. म्हणून फोल्डरात `0188` पासून `0211` पर्यंतचा भाग पाहिला तर सगळे नंबर ओळीने हजर. बाकी सगळीकडे अधूनमधून गाळलेल्या जागा आणि नेमका इथे एकही नाही. जिथे सर्वात जास्त फोटो गेले तोच भाग सर्वात भरलेला दिसतो. छाटणी केलेल्या गठ्ठ्यात चोवीस नंबर सलग भरलेले असणं हीच शंका घेण्यासारखी गोष्ट आहे, पण तशी शंका घ्यायची सवय डोळ्यांना मुद्दाम लावावी लागते.

उरलेल्या ८ फोटोंची गोष्ट वेगळी. पाठवणाऱ्याच्या संगणकावरून फोटो क्लाउडवर चढत असतानाच दुवा पाठवला गेला, आणि शेवटचे ८ चढायच्या आत घेणाऱ्याने उतरवून घेतले. हे `cam2` चे `IMG_0212` ते `IMG_0219`. रांगेच्या शेवटचे फोटो राहिले तर रिकामी जागा दिसायचा प्रश्नच नाही. रांग तिथेच संपली असं वाटतं. अनुक्रमांक फक्त मधली भोकं दाखवतो, टोकं कधीच दाखवत नाही. त्यातही `IMG_0212` दोन्हीकडे होता. `cam1` चा आला, `cam2` चा आला नाही. नाव हजर, फोटो गैरहजर.

म्हणून पाठवणाऱ्याकडून "किती पाठवले" यापेक्षा नावांची यादी मागावी, आणि ती उपफोल्डरासकट मागावी. नुसती नावं जुळवून पाहिली तर काय होतं ते बघा. ३१८ फोटोंत १५ नावं दोनदा आहेत, म्हणजे वेगळी नावं ३०३. घेणाऱ्याकडे २९६. फरक ७. मोजणी १७ म्हणते, नंबरांच्या रिकाम्या जागा ४५ म्हणतात, नावं ७ म्हणतात, आणि खरा आकडा २२. चारही आकडे एकाच फोल्डरातून काढलेले आहेत.

यादी करणं अवघड नाही. पाठवणाऱ्याने मुख्य फोल्डरात जाऊन टर्मिनलमध्ये हे चालवायचं:

```
find . -type f -iname '*.jpg' ! -name '._*' | LC_ALL=C sort > pathavle.txt
```

यात `._` वाल्या फाइली वगळल्या जातात, `.JPG` आणि `.jpg` दोन्ही धरल्या जातात आणि प्रत्येक नावापुढे उपफोल्डर येतो. घेणाऱ्याने उपफोल्डर मोडले नसतील तर त्यानेही हीच आज्ञा चालवून `aale.txt` बनवावी आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून विचारावं:

```
LC_ALL=C comm -23 pathavle.txt aale.txt
```

पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, तेवढंच छापलं जातं. यात दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. `comm` ला दोन्ही याद्या एकाच पद्धतीने लावलेल्या लागतात. `LC_ALL=C` त्यासाठीच आहे, कारण दोन संगणकांच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे अक्षरांचा क्रम बदलू शकतो. दुसरं, यादी विंडोजवर बनवली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर असतं, आणि मग सगळेच्या सगळे ३१८ फोटो गहाळ ठरतात. उत्तर "सगळेच" असं आलं तर फोटोंकडे न पाहता यादीकडे पाहायचं: ओळीचा शेवट, शेपटातली मोठी-लहान अक्षरं, किंवा एकीकडे `.HEIC` आणि दुसरीकडे रूपांतर होऊन `.JPG`.

पण आपल्या उदाहरणात उपफोल्डर आधीच मोडले आहेत. इथे फाइलीच्या नावाऐवजी फोटोच्या आत लिहिलेलं वाचावं लागतं. कॅमेरा प्रत्येक फोटोत मॉडेल आणि टिपल्याची वेळ नोंदवतो. ती नोंद नाव बदललं किंवा फोल्डर बदलला तरी तशीच राहते. `exiftool` नावाचं मोफत साधन ती एका तक्त्यात उतरवतं:

```
exiftool -r -ext jpg -csv -Model -DateTimeOriginal -FileSize# . > tapshil.csv
```

तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडून मॉडेलच्या रकान्याने लावा. पहिल्या कॅमेऱ्याचे २७२, दुसऱ्याचे २४. पाठवणाऱ्याने २८६ आणि ३२ सांगितले होते. कमी आहेत १४ आणि ८. इतका वेळ एकात एक गुंतलेल्या दोन वेगळ्या अडचणी इथे सुट्या होतात, कारण गठ्ठा जिथे खरोखर दुभंगलेला होता तिथेच आपण तो मोजला. दोन्ही कॅमेऱ्यांचं मॉडेल एकच असतं तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अनुक्रमांकाचा रकाना मागवावा लागला असता, `-SerialNumber`; पुष्कळ कॅमेरे तो लिहितात, सगळे नाही. तोही नसेल तर वेळ पाहायची: एकाच कॅमेऱ्यात नंबर वाढतो तशी वेळही वाढते. `IMG_0187` नंतर `IMG_0188` ची वेळ अचानक तासभर मागे गेली, तर तो दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो आहे, किंवा कॅमेऱ्याचं घड्याळ मध्येच बदललं आहे.

पाठवणारा यादी द्यायला हाताशी नसेल तर या वेळांवरूनच बरंच कळतं. `0047` सकाळी ११:२०:०५ ला आणि `0049` ११:२०:०६ ला असेल, तर `0048` हा त्याच झपाट्यातला एक होता आणि बहुधा छाटला गेला. याउलट मिनिटाला पाच-सहा फोटो निघत असताना एकदम दहा मिनिटं काहीच नाही आणि नंबरही पन्नासने पुढे गेला, तर तिथे चौकशी करावी. नंबर पुढे गेला नसेल आणि नुसती वेळ गेली असेल, तर फोटोग्राफर फोटोच काढत नव्हता. एवढं करूनही हा अंदाजच असतो. यादी नसेल तर निदान तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक कॅमेऱ्याचा पहिला नंबर, शेवटचा नंबर आणि एकूण संख्या. टोकं कळल्याशिवाय टोकाकडचं गहाळ कळत नाही.

तक्त्यात एक रकाना आकाराचा आहे, आणि तो आतापर्यंत न दिसलेली एक गोष्ट दाखवतो. `cam1` मधला `IMG_0064.JPG` पाठवणाऱ्याकडे ७८,१२,४०६ बाइटचा आहे, आपल्याकडे ३१,४५,७२८चा. दुसरा आकडा म्हणजे बरोबर ३ गुणिले १०२४ गुणिले १०२४. कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोचा आकार असा गोल येणं जवळजवळ अशक्य. कुणीतरी ठरावीक मापाचे तुकडे पाठवत होतं आणि तिसऱ्या तुकड्यानंतर थांबलं, असं तो आकडा सांगतो. फोटो आला, मोजला गेला, नावही जुळलं, पण आला अर्ध्याहून कमी.

असे फोटो फोल्डर वरवर पाहून सापडत नाहीत, आणि त्याला कारण आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या सुरुवातीच्या भागातच एक छोटं तयार चित्र ठेवून देतो, आणि फोल्डरातल्या लहान चित्रांसाठी पुष्कळदा तेच वापरलं जातं. शेपूट तुटलेल्या फाइलीतही ते शाबूत राहतं. लहान चित्र स्वच्छ दिसतं. फोटो मोठा करून उघडला की वरचा भाग ठीक आणि खाली राखाडी पट्टा. तीनशे फोटो एकेक करून उघडण्यापेक्षा आकार जुळवणं सोपं. आकारांची यादी मिळण्यासारखी नसेल तर `jpeginfo -c *.JPG` चालवावं, ते प्रत्येक फाइल आतून वाचून बिघाड सांगतं. जेपेग फाइल `FF D8` या दोन बाइटांनी सुरू होते आणि चित्र `FF D9` ने संपतं, त्यामुळे शेवटचे दोन बाइट पाहायची युक्तीही चालते. पण काही फोन चित्राच्या पुढे आणखी मजकूर किंवा छोटा व्हिडिओ जोडतात, तिथे शेवटी `FF D9` नसूनही फोटो चांगला असतो. ही खूण शंका घेण्यापुरती वापरावी, निकालासाठी नको.

आता हिशोब असा झाला: १४ पुसले गेलेले, ८ न चढलेले, १ तुटका. एकूण २३. पण पाठवणाऱ्याकडे २३ मागायचे नाहीत. १४ फोटो आपल्याच संगणकावर आहेत. ते पोचले होते, उतरवलेल्या झिपमध्ये अजून तसेच आहेत. पुसले गेले ते ओढून आणताना. झिप पुन्हा उघडायची, या वेळी उपफोल्डर आहेत तसे ठेवायचे, आणि `cam1` मध्ये २८६ हजर. म्हणून हिशोब पूर्ण जुळेपर्यंत झिप टाकू नये. फोटो बाहेर काढले की लगेच झिप पुसायची सवय इथे फार महागात पडते. तुटका फोटो मात्र झिपमध्येही तेवढाच आखूड आहे. याचा अर्थ तो वर चढतानाच तुटला, तेव्हा तो मागावाच लागेल.

याच्या उलट एक चूक सरसकट होते, तीही सांगून ठेवतो. एकेक फोटो ब्राउझरने उतरवले असते तर पुसले न जाता नावापुढे आकडा लागला असता: `IMG_0190.JPG` आणि `IMG_0190 (1).JPG`. नंतर आवराआवर करताना माणूस `(1)` असलेल्या सगळ्या फाइली दुबार समजून काढून टाकतो. त्यातल्या काही खरोखर दुबार असतात, काही दुसऱ्या कॅमेऱ्याचे पूर्ण वेगळे फोटो. आकार आणि वेळ दोन्ही सारखे असतील तरच दुबार समजावं.

फोटो मेसेजिंग ॲपवरून आले असतील तर वरचं बरंचसं हातातून जातं. तिथे नावं बहुधा बदलतात, आकार कमी केला जातो आणि आतली वेळ-मॉडेलची नोंद पुसली जाते. कॅमेऱ्याच्या नावाने काही जुळत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याने सगळ्या फोटोंची लहान चित्रं, खाली फाइलनाव घालून, पानापानावर मांडून द्यावीत आणि घेणाऱ्याने डोळ्यांनी जुळवावीत. शक्य असेल तर मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पुन्हा मागवणंच बरं. त्यात फाइल जशीच्या तशी येते.

आपल्या उदाहरणात निरोप आता असा जाईल: "`cam2` मधले `IMG_0212` ते `IMG_0219` हे ८ आलेले नाहीत. `cam1` मधला `IMG_0064` तुटका आला, ३१,४५,७२८ बाइटच आहेत. हे ९ पाठवा. `cam2` चा `0212` म्हणतोय, `cam1` चा माझ्याकडे आहे." शेवटचं वाक्य गाळलं तर पाठवणारा घाईत `cam1` चाच `0212` पाठवतो, आणि आठातले सातच येतात.

नऊ आले की त्यांच्या त्यांच्या उपफोल्डरात ठेवायचे आणि शेवटची जुळवणी आतल्या मजकुरावर करायची. पाठवणाऱ्याने प्रत्येक फाइलीचा ठसा, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी लांबलचक खूण, काढून द्यायचा, घेणाऱ्याने तो तपासायचा:

```
find . -type f -iname '*.jpg' ! -name '._*' -exec shasum -a 256 {} + > thase.txt
sha256sum --quiet -c thase.txt
```

पहिली ओळ पाठवणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची, मुख्य फोल्डरात उभं राहून. बरोबर असलेल्या फाइलींबद्दल काही छापलं जात नाही. `FAILED open or read` आलं तर त्या जागी फाइलच नाही. नुसतं `FAILED` आलं तर फाइल आहे पण आतला मजकूर वेगळा आहे: तुटकी, कुणी फिरवून जतन केलेली, किंवा त्याच नावाचा दुसराच फोटो. या दोन शब्दांतला फरक फार कामाचा आहे, कारण पहिल्याला शोधायचं असतं आणि दुसऱ्याला उघडून पाहायचं असतं. `._` वाल्या पाच फाइली यादीत नसल्यामुळे त्यांची विचारपूस होत नाही. त्या पुसल्या तरी चालतात.

दुसरी आज्ञा काहीही न छापता परत आली म्हणजे ३१८च्या ३१८ फाइली मूळच्याच आहेत. आता सगळे एका फोल्डरात हवेच असतील तर आधी नावं बदलावीत, `cam1_IMG_0190.JPG`, `cam2_IMG_0190.JPG` अशी, आणि मग ओढावेत. पाठवणाऱ्याला कार्ड रिकामं करायला हरकत नाही असं कळवावं, आणि झिप काढून टाकावी.